बसून सरकणारे बाळ

बेसा येथील एका वाचक आजींचे पत्र गेल्या महिन्यात या स्तंभासाठी आले. त्यांचा नातू चौदा महिन्यांचा आहे. तो आठव्या महिन्यात बसू लागला, बसून खेळतो, हाक मारली की वळून पाहतो. परंतु तो रांगलाच नाही. बसल्या बसल्या पाय पुढे टाकून, टाचा रोवून, बुडावर घसरत तो दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत जातो. आणि तेही इतक्या वेगाने की दूध उतू जाण्याच्या आत त्याला उचलावे लागते. घरात सर्वांना याचे कौतुक होते. मग एका नातेवाईक बाईंनी सांगितले, की जे मूल रांगत नाही त्याच्या मेंदूच्या दोन बाजूंची जोड कच्ची राहते, पुढे त्याला लिहिता-वाचता अडते. त्यांनी नातवाला रांगणे शिकविणाऱ्या एका शुल्क घेणाऱ्या वर्गाचा पत्ताही दिला. आजी विचारतात : हे खरे आहे काय? वर्गाला घालावे काय? आणि नुसते थांबून पाहिले तर आपण काही गमावू काय?

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आहे. तिसऱ्याचे उत्तर इतके थोडक्यात देता येत नाही. रांगणे चुकले म्हणून काही बिघडत नाही. मात्र बसून सरकणाऱ्या बाळाची एकदा नीट तपासणी व्हावी, हेही तितकेच खरे आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजण्यासाठी आधी बाळे जमिनीवर कशी कशी पुढे जातात ते पाहू.

रांगणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाळकृष्णाची पितळी मूर्ती येते : दोन्ही गुडघे टेकलेले, एक तळहात जमिनीवर, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा. हात आणि गुडघे यांवर, पोट जमिनीपासून उचलून, उजवा हात तर डावा गुडघा अशा आळीपाळीने चालणे हा एक प्रकार झाला. परंतु अनेक बाळे त्याआधी काही आठवडे पोटावर सरपटतात. कोपरांनी शरीर ओढतात आणि पाय मागे घसटत येतात. काही बाळे प्रथम मागेच सरकतात, कारण त्या वयात हातांचा रेटा पायांपेक्षा बळकट असतो. समोरचे खेळणे दूर जात असल्याचे पाहून ती रडू लागतात. काही हात आणि पावले टेकून, गुडघे ताठ ठेवून, अस्वलासारखी चालतात. काही एक गुडघा टेकतात आणि दुसरे पाऊल उभे ठेवून लंगडत्या खेकड्यासारखी पुढे जातात. काही नुसती लोळत लोळत खोली पार करतात. काही बसून सरकतात. आणि काही यातले काहीच करीत नाहीत. बसतात, एके दिवशी दिवाणाला धरून उभी राहतात आणि त्याच्या कडेकडेने चालू लागतात. आलेश हर्डलिचका या मानववंशशास्त्रज्ञाने हात आणि पाय टेकून धावणाऱ्या मुलांवर एक संपूर्ण पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. ते बहुतांशी आईवडिलांनी पाठविलेल्या पत्रांवर आधारलेले होते. आजींच्या पत्रासारखी पत्रे तेव्हाही लिहिली जात होती तर!

या सर्वांत 'नेहमीचे' काय, हे ठरविण्यासाठी आपल्या देशातील मुलांचाच आधार घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने बालवाढीचे नवे तक्ते तयार केले, तेव्हा घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ बाळांच्या हालचालींचीही नोंद ठेवली. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतील सुस्थितीतील कुटुंबांमधली होती. प्रशिक्षित निरीक्षक चौथ्या महिन्यापासून पहिल्या वाढदिवसापर्यंत दर महिन्याला आणि त्यानंतर दोन महिन्यांनी घरी जाऊन पाहत. रांगण्याची व्याख्याही काटेकोर होती : पोट जमिनीला न लागता, हात व गुडघ्यांवर, सलग किमान तीन वेळा पुढे किंवा मागे जाणे. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार निरोगी बाळ आधाराविना बसण्याचा काळ सुमारे ३.८ ते ९.२ महिने, रांगण्याचा ५.२ ते १३.५ महिने आणि स्वतंत्र चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने इतका पसरलेला आहे. इतर पाच टप्पे जवळजवळ नव्वद टक्के मुलांनी एकाच क्रमाने गाठले. रांगणे मात्र त्या क्रमात कुठेही येत होते, आणि ४.३ टक्के मुलांत ते आलेच नाही. ही सर्व मुले निरोगी म्हणूनच निवडलेली होती, हे येथे लक्षात ठेवावे.

म्हणजे शंभर निरोगी बाळांत चारपाच बाळे मूर्तीतल्यासारखी कधीच रांगत नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये पालकांसाठीची टप्प्यांची यादी सुधारली, तेव्हा रांगणे त्यातून वगळले. त्यावरून तेथेही बराच वाद झाला; विशेषतः फिजिओथेरपिस्ट मंडळींना ते रुचले नाही. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, त्याकडे पुढे येतो. परंतु वगळण्यामागचा विचार सरळ होता : ज्या गोष्टीचे इतके प्रकार आहेत आणि जी निरोगी मुलेही टाळतात, ती न आल्यावरून दोष ओळखता येत नाही.

मग मेंदूच्या जोडीची गोष्ट आली कोठून? तिचे मूळ अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात आहे. ग्लेन डोमन आणि कार्ल डेलाकाटो यांनी १९५० च्या दशकात अशी उपपत्ती मांडली, की प्रत्येक मुलाने सरपटणे, रांगणे, चालणे या पायऱ्या क्रमानेच चढल्या पाहिजेत. एखादी राहिली तर मेंदूची मांडणी अपुरी राहते आणि पुढे वाचनात अडचण येते. उपाय म्हणून मोठ्या मुलांनाही पुन्हा रांगावयास लावीत, अथवा तीनचार माणसे मुलाचे हातपाय धरून दिवसातून अनेकदा ठरावीक हालचाली करवून घेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये जाहीर निवेदन काढून या उपचारपद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले. उपचार मागे पडला. समजूत मात्र राहिली आणि आता ती जाहिरातींतून आपल्या घरी येते. पापुआ न्यू गिनीमधील आऊ लोकांमध्ये बाळे बहुतेक वेळ अंगावर उभी धरून वागविली जातात आणि जमिनीवर पालथी सहसा ठेवीतच नाहीत. ती रांगत नाहीत आणि यथाकाल चालू लागतात. रांगण्यावाचून मेंदू अपुरा राहत असता तर एखादा समाजच्या समाज अपुरा राहिला असता!

रांगण्याचे काहीच मोल नाही, असा याचा अर्थ करू नये. स्वतःच्या बळावर एका जागेहून दुसरीकडे जाता येऊ लागले, की बाळाला अंतर कळू लागते. पायरीची कड दिसली की ते थबकते. आई डोळ्यांआड गेली तरी शेजारच्या खोलीत आहे हे त्याला उमगते. परंतु हा लाभ स्वतः हलण्याचा आहे, गुडघे टेकण्याचा नव्हे. न्यूयॉर्कच्या कॅरेन अॅडॉल्फ यांनी बाळांच्या रांगण्याचा बारकाईने अभ्यास करून १९९८ मध्ये जे मांडले ते येथे उपयोगी आहे. जी बाळे आधी पोटावर सरपटली होती ती रांगू लागताच अधिक सफाईने रांगली. पण ज्यांनी सरपटणे गाळले तीही साधारण त्याच वयात रांगू लागली. एका रीतीचा सराव दुसरीत उपयोगी पडतो. तिच्यावाचून पुढची वाट बंद होत नाही.

आता आजींच्या नातवाकडे वळू. बसून सरकणाऱ्या बाळांचे एक ओळखीचे चित्र आहे, आणि ते इंग्लंडमधील डॉक्टर रॉबसन यांनी १९७० मध्ये, अन्यथा निरोगी असलेल्या तीस मुलांच्या निरीक्षणावरून नीट रेखाटले. असे बाळ वेळेवर अथवा थोडे उशिरा बसते. पालथे घातले की त्याला मुळीच सोसत नाही. मान टाकून रडते आणि कोणी उलटे करण्याची वाट पाहते. बसल्यावर मात्र ते अगदी सुखी असते. काखेत हात घालून उभे धरले, तर इतर बाळे पाय खाली सोडून जमिनीवर उड्या मारतात. हे बाळ दोन्ही पाय कमरेतून वर उचलून समोर धरते, जणू हवेत पाट मांडून बसले आहे. पावले जमिनीला लावूच देत नाही. डॉक्टर मंडळी या खुणेला 'हवेत बसणे' असेच म्हणतात. पहिल्या वाढदिवसाच्या आगेमागे ते सरकू लागते. कोणी दोन्ही टाचांनी ओढत जाते. कोणी एक पाय दुमडून त्यावर बसते आणि दुसऱ्या पायाने व एका हाताने वल्हे मारल्यासारखे पुढे जाते. उभे राहणे आणि चालणे लांबते. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान बहुतेक चालू लागतात. काही थोडी दोन वर्षे उलटल्यावर.

असे का होते? या मुलांच्या स्नायूंचा ताण जन्मतःच किंचित सैल असतो आणि सांधे जरा अधिक लवचिक असतात. पालथे पडून डोके, खांदे आणि छाती उचलणे त्यांना इतरांपेक्षा जड जाते. म्हणून ती ते टाळतात आणि टाळल्यामुळे ते बळ उशिरा येते. बसल्यावर मात्र दोन्ही हात मोकळे राहतात आणि दृष्टी समोर राहते. गुडघ्यांवर जाण्याची त्यांना गरजच भासत नाही. ही ठेवण पुष्कळदा घराण्यात असते. म्हणून अशा बाळाची आजी सोबत आली असेल, तर वडील लहानपणी कसे चालले, हे डॉक्टर आवर्जून विचारतात. आपल्या आजींनी ते पत्रात न विचारताच लिहिले आहे. त्यांचा मुलगा, म्हणजे बाळाचे वडील, घरच्या ओसरीवर असाच बसून सरकत असे. नवी चड्डी आठवड्यात फाटे, आणि तो वीस महिन्यांचा झाल्यावर चालला. आज ते इतवारीतील दुकान सांभाळतात आणि हिशेबात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, हेही त्यांनी अभिमानाने नोंदविले आहे.

पत्रातील बाकीचा तपशीलही असाच आश्वासक आहे. बाळ पूर्ण दिवसांचे जन्मले. मुरमुऱ्याचा एकेक दाणा ते चिमटीत धरून उचलते, आणि उजव्या हाताइतकाच डाव्यानेही. टाळ्या वाजविते, बोट दाखविते, दोन शब्द अर्थासह बोलते. दोन महिन्यांपूर्वी न येणाऱ्या कितीतरी गोष्टी त्याला आज येतात. केवळ पायांची वाट इतरांहून वेगळी, आणि बाकी सर्व अंगांनी वाढ चालू. असे असता रांगण्याच्या वर्गाला पैसे देण्याचे काहीच कारण मला दिसत नाही.

तरीही तपासणी करावी असे मी म्हणतो, त्याचे कारण असे की बसून सरकणे हे क्वचित वेगळ्या गोष्टीचेही रूप असू शकते, आणि ती गोष्ट बाहेरून याच्यासारखीच दिसते. फिजिओथेरपिस्ट मंडळी रांगणे यादीतून वगळण्याच्या विरोधात होती ती यामुळेच. बाळ कसे हलते हे पाहताना त्यांना पुष्कळ काही दिसते, आणि यादीतून नाव गेले की पालक ते पाहणेच सोडतील, अशी त्यांची भीती होती.

पाहावयाचे ते मुख्यतः दोन्ही बाजूंचे साम्य. बाळ नेहमी एकाच बाजूला कलून सरकते काय? एकच हात टेकते आणि दुसरा मुठीत धरून छातीशी ठेवते काय? एक पाय नुसता ओढला जातो काय? पहिल्या वर्षातच एखादे बाळ ठामपणे 'डावखुरे' किंवा 'उजवे' दिसू लागले, तर घरात त्याचे कौतुक होते. डॉक्टर मात्र दुसऱ्या हाताकडे पाहतात, कारण इतक्या लहान वयात हाताची निवड सहसा पक्की होत नसते. ती पक्की दिसणे म्हणजे दुसऱ्या बाजूत कमजोरी असण्याचा संभव. त्याचप्रमाणे डायपर बदलताना एक मांडी दुसरीइतकी बाहेर उघडत नसेल, किंवा एक पाय आखूड वाटत असेल, तर खुब्याचा सांधा जागेवर आहे की नाही हे क्ष-किरणाने पाहावे लागते. पाय सैल नसून उलट ताठ असतील, उभे धरल्यावर कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील, तर ते बसून सरकणाऱ्याचे चित्रच नव्हे.

डॉक्टर ही तपासणी एका बैठकीत करतात. बाळाला पालथे घालतात, उताण्यावरून स्वतः उठून बसता येते काय ते पाहतात, हवेत बसण्याची खूण पाहतात, गुडघ्याखाली लहान हातोडी मारून पायाचा झटका पाहतात, खुबे फिरवून पाहतात, डोक्याचा घेर मोजतात. बाळ वेळेआधी जन्मलेले असेल, तर जितके आठवडे आधी तितके वयातून वजा करूनच हिशेब करतात. सर्व ठीक असल्यास पुढची भेट दीड वर्षाच्या वेळी. तोपर्यंत ते चालू लागले नसेल तर, घराण्यात सरकण्याची ठेवण असली तरीही, पुन्हा नीट पाहणे योग्य. मुलगा असेल तर त्या वेळी रक्तातील सीपीके हे एक साधे परिमाण तपासून घ्यावे. स्नायू क्षीण होण्याचा एक आनुवंशिक विकार मुलग्यांमध्ये प्रथम केवळ उशिरा चालण्याच्याच रूपाने दिसू शकतो. हे वाचून कोणी घाबरू नये. तो विकार विरळ आहे, आणि ही चाचणी त्याचा संशय दूर करण्यासाठीच सांगितली जाते.

आता अशा एका कारणाविषयी, जे आपल्या घरांत इतरांहून अधिक संभवते. आजींनी ते विचारलेले नाही. पण या मासिकाच्या वाचकांसाठी ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ हे वनस्पतींमध्ये नसते. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतून मिळते, आणि अनेकांना ते पुरेसे मिळत नाही. विशेषतः ज्या सुनांच्या ताटात दूध सर्वांत शेवटी येते त्यांना. प्रौढ स्त्रीला ही कमतरता वर्षानुवर्षे जाणवतही नाही. थोडा थकवा, थोड्या मुंग्या, इतकेच. परंतु गर्भाला आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला बी-१२ आईकडूनच येते. आईजवळ ते कमी असेल तर जन्माच्या वेळचा साठाही कमी आणि दुधातही कमी. बाळ पहिले काही महिने छान वाढते, कित्येकदा गुटगुटीतही दिसते. मग सहाव्या महिन्यानंतर केव्हातरी ते मंदावते.

त्या बाळाची गोष्ट बसून सरकणाऱ्या बाळापेक्षा वेगळी कशी ओळखावी? सरकणाऱ्या बाळाच्या खाती दर महिन्याला काहीतरी जमा होत जाते. या बाळाच्या खात्यातून वजा होऊ लागते. जे बसत होते ते आता बसविले तरी कलंडते. जे हसत होते ते हसेनासे होते, आईकडेही उदासपणे पाहते. वरचे अन्न ते तोंडातही घेत नाही, केवळ अंगावर पिऊ पाहते. अंग सैल पडते, चेहरा फिकट होतो, केस विरळ आणि तपकिरी होतात, हातापायांच्या बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडते. पुढे हात, डोके, जीभ थरथरू लागते. भारतातील बालरोगतज्ज्ञ हे चित्र अनेक दशकांपासून ओळखतात. 'बाळांचा कंप' अशा अर्थाचे इंग्रजी नाव त्याला आहे, पण कंप ही उशिराची खूण आहे. काळवंडलेली पेरे, फिकटपणा आणि आलेली गोष्ट विसरणे या खुणा त्याआधी दिसतात. अशा वेळी 'आमच्या घरात सगळीच उशिरा चालतात' हे वाक्य घातक ठरते. रक्ताची तपासणी लगेच करावी, बाळाची आणि आईचीही. उपचार साधा आहे. बी-१२ दिल्यानंतर बहुधा काही दिवसांतच बाळ पुन्हा हसू लागते, खाऊ लागते. मात्र कमतरता जितकी लांबते तितकी मेंदूची हानी मागे राहण्याचा संभव वाढतो. केवळ रक्त कमी आहे म्हणून घरच्या घरी फॉलिक अॅसिड सुरू करणेही बरे नव्हे. त्याने रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते.

यासंबंधी एक अडचण मला अनेक जैन भगिनी संकोचाने सांगतात : औषधाच्या मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, म्हणून त्या ती घेत नाहीत आणि डॉक्टरांना तसे सांगतही नाहीत. संकोच करू नये. बी-१२ गोळीच्या, थेंबांच्या आणि इंजेक्शनच्या रूपातही मिळते. औषधातील बी-१२ सूक्ष्मजीवांच्या किण्वनाने तयार करतात, मांसापासून नव्हे. चिठ्ठी लिहून घेतानाच 'कॅप्सूल नको' असे सांगितले म्हणजे झाले. गरोदरपणी आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत शाकाहारी आईने आपले बी-१२ तपासून, लागेल तसे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. तप-उपवासाच्या दिवसांविषयीही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.

घरी काय करावे, हा प्रश्न उरतो. बेशाच्या नव्या इमारतींमधून बहुधा सर्वत्र गुळगुळीत चकचकीत फरशी असते. तिच्यावर मोजे आणि पायजमा घातलेल्या बाळाचे गुडघे टिकत नाहीत; बसून मात्र मजेत घसरता येते. म्हणून मोजे काढावेत, गुडघे उघडे ठेवावेत आणि एखादी जाड सतरंजी अंथरावी. पालथे राहणे आवडत नसेल तर रडवून शिकवू नये. आईने आडवे होऊन बाळाला आपल्या छातीवर पालथे घ्यावे, किंवा मांडीवर आडवे पालथे ठेवून समोर खेळणे धरावे. दोन मिनिटे, दिवसातून चारपाच वेळा, हे पुष्कळ झाले. लहान पाटावर किंवा चौरंगावर बसवून पावले जमिनीला टेकतील असे करावे आणि समोर जरा उंचावर खेळणे ठेवावे. सरकणाऱ्या बाळाला पायांवर भार घेण्याची सवय अशाने लागते, काखेत धरून उभे केल्याने नव्हे, कारण तसे केले की ते पाय उचलूनच घेते. पुढे बाळ सोफ्याला धरून उभे राहू लागेल. त्या वाटेवर उलटणारी तिपाई आणि लोंबते टेबलक्लॉथ नसावे.

चाके असलेला, मध्ये बसण्याची झोळी असलेला वॉकर मात्र आणू नये. त्यात बाळ पायाच्या बोटांनी रेटा देते, स्वतःचा तोल सांभाळत नाही, आणि त्यामुळे चालणे लवकर येण्याऐवजी लांबू शकते; शिवाय पायऱ्यांवरून कोसळण्याचे, गरम भांडे ओढण्याचे अपघात होतात. कॅनडाने त्यांच्या विक्रीवर २००४ पासून बंदी घातली आहे. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ बसत नाही, दांडी धरून स्वतःच्या पायांवर उभे राहते आणि ढकलत चालते. परंतु तोही बाळ आपणहून उभे राहू लागल्यानंतरचा, आणि कोणीतरी मागे असतानाचा. आजींनी माळ्यावरचा पांगुळगाडा काढून पुसून ठेवला आहे असे त्या लिहितात. बाळ चौरंगाला धरून आपणहून उभे राहू लागेपर्यंत तो तसाच राहू द्यावा. त्याआधी या महिन्यात एकदा बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन यावे, आणि सुनेची बी-१२ ची तपासणी त्याच फेरीत करून घ्यावी.